छपरावरचं काम आणि ‘रीझनेबली प्रॅक्टिकेबल’: परीक्षेत युक्तिवाद कसा मांडावा

प्रश्न: सर, नमस्कार. मी लोट्याच्या एमआयडीसीत सेफ्टी सुपरवायझर आहे आणि ॲडव्हान्स्ड डिप्लोमा इन इंडस्ट्रियल सेफ्टीची परीक्षा देतोय. मागच्या पेपरात प्रश्न होता: ‘सिमेंटच्या जुन्या पत्र्यांच्या छपराची दुरुस्ती करताना मालकाने काय करणं रीझनेबली प्रॅक्टिकेबल आहे, ते कारणांसह लिहा.’ मी लिहिलं की मालकाला परवडेल तेवढी सुरक्षा त्याने द्यायची, आणि खाली हेल्मेट, बेल्ट, बूट, हातमोजे अशी पीपीईची यादी दिली. दहापैकी तीन मार्क पडले. परवडणं हा अर्थ नसेल तर मग अर्थ काय, आणि तो उत्तरात मांडायचा कसा? – एक वाचक, चिपळूण

उत्तर: नमस्कार.

मालकाची ऐपत या हिशेबात येतच नाही, हे सगळ्यात आधी डोक्यात पक्कं करा. दोन कारखान्यांची छपरं सारख्याच उंचीची आणि पत्रे सारखेच जुने असतील, तर कायद्याची दोघांकडून अपेक्षाही सारखीच असते. एक मालक गडगंज आहे आणि दुसरा बँकेच्या हप्त्यांनी वाकलाय, यानं काही फरक पडत नाही. हिशेबात येतो तो त्या उपायाला लागणारा पैसा, वेळ आणि खटाटोप. तो तोलायचा असतो त्या उपायामुळे टळणाऱ्या धोक्याशी, मालकाच्या खिशाशी नव्हे. ‘परवडेल तेवढी’ असं लिहिलंत की तपासणाऱ्याला कळतं, विद्यार्थी चुकीच्या तराजूपाशी उभा आहे. तिथून पुढे यादी कितीही लांब दिली तरी मार्क चढत नाहीत.

रीझनेबली प्रॅक्टिकेबल, म्हणजे वाजवी मर्यादेत व्यवहार्य, ही कसोटी आली ती इंग्लंडच्या अपील कोर्टाच्या १९४९ च्या एका निकालातून: एडवर्ड्स विरुद्ध नॅशनल कोल बोर्ड. कोळशाच्या खाणीत माणसांच्या जाण्या-येण्याच्या वाटेचा टेकू न दिलेला भाग ढासळला आणि एडवर्ड्स हा कामगार त्याखाली सापडून मेला. बोर्डाचं म्हणणं असं की सगळ्या खाणींतल्या सगळ्या वाटांना टेकू द्यायचे म्हटले तर खर्च आवाक्याबाहेर जाईल. कोर्टाने ते उचलून धरलं नाही. प्रश्न सगळ्या वाटांचा नव्हताच, या एका वाटेचा होता. काही वाटा मुळातच भक्कम असतात, काही कच्च्या असतात, आणि कच्ची कुठली हे बघून तिथे टेकू देणं हे खाणमालकाचं काम.

त्याच निकालात न्यायमूर्ती ॲस्क्विथ यांनी जे सांगितलं ते तुमच्या उत्तराचा कणा आहे. एखादी गोष्ट करता येणं शक्य आहे, एवढ्यावर ती रीझनेबली प्रॅक्टिकेबल ठरत नाही. अर्थ त्याहून अरुंद आहे. एका पारड्यात धोका ठेवायचा. दुसऱ्या पारड्यात तो टाळायला लागणारी झीज ठेवायची, मग ती पैशाची असो, वेळेची असो की त्रासाची. या दोहोंत ढळढळीत तफावत असेल, म्हणजे झिजेपुढे धोका अगदी नगण्य असेल, तरच मालक सुटतो. आणि हा हिशेब अपघाताच्या आधी झालेला असला पाहिजे.

‘ढळढळीत तफावत’ हे इथलं सर्वांत महत्त्वाचं. मुलं लिहितात की धोका आणि खर्च यांचा समतोल साधायचा. समतोल नाही हो! दोन्ही पारडी सारखी झाली तरी उपाय करावाच लागतो. खर्चाचं पारडं थोडं खाली गेलं तरीही करावाच लागतो. ते पार जमिनीला टेकलं आणि धोक्याचं वर हवेत लटकलं, तेव्हाच उपाय सोडता येतो. तराजूचा काटा आधीपासूनच माणसाच्या जिवाच्या बाजूला कललेला आहे. तफावत किती पट झाली म्हणजे ढळढळीत म्हणायची, याचा ठरलेला आकडा कायद्यात नाही. प्रत्येक प्रकरणात ती दाखवून द्यावी लागते. म्हणूनच परीक्षेत या प्रश्नाला व्याख्येचे मार्क थोडे आणि युक्तिवादाचे जास्त असतात.

मालक सुटलाय असं उदाहरणही हाताशी ठेवा, नाहीतर उत्तर एकांगी होतं. मार्शल विरुद्ध गोथम कंपनी, १९५४, हाउस ऑफ लॉर्ड्स. ही जिप्समची खाण. इथेही छत कोसळून कामगार मेला, पण कारण होतं खडकातला एक दुर्मीळ दोष. बाहेरून तो दिसत नव्हता आणि त्या खाणीत कित्येक वर्षांत तसा प्रकार घडलेला नव्हता. टेकू देता आले असते, पण खटाटोप आणि खर्च मोठा होता. शिवाय टेकू देऊनही पुरतं संरक्षण मिळालं नसतं, उलट आपण सुरक्षित आहोत असा खोटा भरवसा कामगारांना वाटला असता. मालक जिंकला. पण त्याच निकालात लॉर्ड रीड यांनी बजावून ठेवलंय की प्रश्न माणसांच्या जिवाचा असतो, तेव्हा करता येण्याजोगा उपाय अवाजवी आहे असं सहजासहजी म्हणू नये.

हे दोन निकाल शेजारी ठेवले की मालक सुटायला काय काय जुळून यावं लागतं ते दिसतं. धोका विरळा हवा, आधी कळण्याजोगा नसावा, उपाय महागडा हवा, आणि तो करूनही फारसं साधणारं नसावं. पत्र्याच्या छपराला यातलं काय लागू पडतं, ते पुढे बघू.

आता आपल्याकडचा कायदा. कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये १९८७ साली कलम ७-अ आलं. कामगारांचं आरोग्य, सुरक्षा आणि कल्याण जपायचं सर्वसाधारण कर्तव्य त्यात भोगवटादारावर, म्हणजे कारखाना ज्याच्या ताब्यात आहे त्याच्यावर टाकलंय, आणि तिथेच रीझनेबली प्रॅक्टिकेबलची अट आहे. पण तुमच्या प्रश्नाला जास्त नेमकं कलम आहे ते ३२, खंड क. पडण्याची शक्यता आहे अशा उंचीवर कोणाही व्यक्तीला काम करावं लागत असेल, तर रीझनेबली प्रॅक्टिकेबल असेल तितपत कुंपण घालून किंवा अन्य मार्गाने तिच्या सुरक्षेची तजवीज करावी, असं ते सांगतं. ‘कोणाही व्यक्तीला’ हे शब्द उत्तरात आवर्जून घ्या. छपरावर चढणारी माणसं बहुतेक वेळा ठेकेदाराची असतात आणि ‘ती आमची नव्हेत’ हा बचाव पहिल्या दिवशी पुढे येतो. या खंडापुढे तो टिकत नाही.

प्रत्येक कर्तव्याला ही अट जोडलेली नसते, हेही एका वाक्यात दाखवा. कलम २१ मध्ये यंत्राच्या धोकादायक भागांना भक्कम कुंपण घालायला सांगितलंय, तिथे खर्चाचा तराजू नाही. बंदिस्त जागेतल्या वायूबद्दलच्या कलम ३६ मध्ये ‘सर्व व्यवहार्य उपाय’ असे शब्द आहेत, ‘वाजवी’ नाही. म्हणजे तंत्राने जे करता येतं ते करायचं, खर्च फार होतो म्हणून सोडायचं नाही. कलम ३२ क त्यापेक्षा सैल आहे आणि म्हणूनच तिथे तराजू मांडावा लागतो. ही प्रतवारी लिहिणारे विद्यार्थी फार थोडे, तपासणाऱ्याची नजर तिथे थांबतेच.

आणि कलम १०४-अ. उपाय रीझनेबली प्रॅक्टिकेबल नव्हता हे सिद्ध करायचं ओझं आरोपी मालकावर आहे. इन्स्पेक्टरने सिद्ध करायचं नाही. फौजदारी प्रकरणात हे ओझं एरवी फिर्यादी पक्षावर असतं, इथे उलटलंय. हे तुमच्या उत्तराचा रोखच बदलतं: मालकाने हिशेब केला होता का, तो कागदावर आहे का, आणि कधीचा आहे, हे प्रश्न आपोआप पुढे येतात.

कारखाने अधिनियमाची जागा घेणारी नवी संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे: व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२०. तिच्या कलम ६ मधल्या मालकाच्या कर्तव्यांतही हीच अट आहे. तुमच्या सत्राचा अभ्यासक्रम कोणत्या कायद्यावर आहे ते शिकवणाऱ्यांना विचारून घ्या आणि त्याप्रमाणे कलमं टाका. युक्तिवाद दोन्हीकडे तोच.

आता एक प्रकरण पूर्ण सोडवून दाखवतो. कारखाना काल्पनिक आहे आणि आकडेही समजण्यापुरते मी धरलेत.

रत्नागिरीजवळ मासळी गोठवण्याचा कारखाना. शेड वीस वर्षांची, छप्पर सिमेंटच्या पत्र्यांचं, सर्वांत उंच भाग आठ मीटरवर, खाली काँक्रीटची फरशी. मे महिन्याचा दुसरा आठवडा, मिरग तोंडावर आलेला. पंधरा पत्रे तडकलेत आणि एका कोपऱ्यातली गळती थेट वीजपॅनेलवर येते. ठेकेदार तीन माणसं आणणार, काम दोन दिवसांचं. मॅनेजर म्हणतो, हेल्मेट आणि बेल्ट देऊ, दोन दिवसांत उरकून टाकू.

पहिलं पारडं, धोका. इथे तुमची खरी परीक्षा आहे, कारण ‘पडण्याचा धोका आहे’ एवढं कोणीही लिहितं. तो का आहे, ते लिहा. सिमेंटचा पत्रा जुना होतो तसा ठिसूळ होतो आणि माणसाच्या वजनाखाली आधी न करकरता एकदम फुटतो. कोकणातल्या पावसात त्यावर शेवाळ धरतं, उन्हात ते वाळून काळं पडतं, आणि मग कुठला पत्रा तडकलाय ते वरून दिसत नाही. उजेडासाठी मध्ये मध्ये बसवलेले फायबरचे पारदर्शक पत्रे तर आणखी वाईट. काही वर्षांत तेही काळवंडून शेजारच्या पत्र्यांसारखेच दिसायला लागतात. छपरावर काम करणारी माणसं एकमेकांना सांगतात, बोल्टच्या रेषेवरून चाल, खाली लोखंडी आडवा पट्टा असतो. हा भरवसा खोटा आहे. पाय रेषेवरून चार बोटं सरकला, किंवा पत्रा बोल्टच्या भोकापाशीच चिरलेला असला, की माणूस खाली. आणि खाली म्हणजे आठ मीटर, काँक्रीटवर. मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व, याहून कमी परिणाम धरता येत नाही.

म्हणजे शक्यता मोठी, परिणाम जिवावरचा, धोक्यात असणारी माणसं तीन. एकच गोष्ट धोक्याचं पारडं हलकं करते: काम दोन दिवसांचंच आहे. ती लपवू नका, स्वतःच मांडा आणि तिला उत्तर द्या. कालावधी छोटा म्हणून एकूण धोका थोडा कमी होतो हे खरं, पण इथे धोका तासावर नाही, पावलावर आहे. पंधरा पत्रे बदलायला शेकडो पावलं पडतात, आणि त्यातलं एक पुरतं. शिवाय हा धोका मार्शलच्या खडकासारखा अज्ञात नाही. जुन्या पत्र्यातून माणूस पडतो हे या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे.

दुसरं पारडं, उपाय. ते एकगठ्ठा टाकू नका, एकेक घ्या आणि धोका मुळापासून टाळणारा उपाय आधी तपासा.

छपरावर चढायचंच नाही, हा पहिला. खालून उचलणारा प्लॅटफॉर्म आणून पत्रे खालूनच बदलायचे. त्याचं भाडं दोन दिवसांचं पन्नास हजार धरू. पंधरापैकी नऊ पत्र्यांखाली मोकळी जागा आहे, तिथे हे होतं. उरलेल्या सहा पत्र्यांखाली गोठवणीची यंत्रं आणि अमोनियाच्या नळ्या आहेत, तिथे प्लॅटफॉर्म शिरतच नाही. म्हणजे नऊ पत्र्यांसाठी हा उपाय रीझनेबली प्रॅक्टिकेबल, सहांसाठी मुळात शक्यच नाही. एका उपायाचं असं दोन तुकड्यांत उत्तर देता येतं आणि द्यावं. एडवर्ड्सचा धडा नेमका हाच होता: सगळ्या वाटांचा हिशेब एकदम करून कुठलीच वाट सोडून द्यायची नाही.

उरलेल्या सहा पत्र्यांसाठी वर चढावं लागणार. तिथे वजन पसरवणाऱ्या फळ्या, म्हणजे क्रॉलिंग बोर्ड किंवा छपरावरची शिडी. त्या किमान दोन आडव्या पट्ट्यांवर टेकतील एवढ्या लांब हव्यात, नाहीतर वजन पुन्हा पत्र्यावरच येतं. कडेला कठडा. शेजारच्या फायबरच्या पत्र्यांवर झाकण. आणि जिथे जमेल तिथे पत्र्याखाली जवळच सुरक्षा जाळी. सामान भाड्याने आणून बसवायला साठ हजार आणि दीड दिवस जादा धरू. तीन माणसांचा जीव एका बाजूला, साठ हजार आणि दीड दिवस दुसऱ्या बाजूला. यात ढळढळीत तफावत आहे असं कोणता मालक कोर्टात उभा राहून म्हणेल? उपाय बंधनकारक.

मॅनेजरचा बेल्ट. हा उपाय स्वस्त आहे, पण अडकवायचा कशाला? पत्र्याच्या बोल्टला अडकवलेला बेल्ट पडणाऱ्या माणसाचा झटका सोसत नाही. छपराच्या भक्कम सांगाड्याला आधी दोर बांधून मग बेल्ट वापरला तर तो फळ्या आणि जाळीच्या जोडीला येतो, त्यांच्या जागी नाही. तुमच्या यादीला मार्क का पडले नाहीत ते इथे कळेल. यादीतल्या वस्तू चूक नव्हत्या. प्रत्येक वस्तू कोणता धोका किती कमी करते, हे तिथे लिहिलेलं नव्हतं.

मग सगळं छप्परच बदलून धातूचे पत्रे घालायचे? खर्च चाळीस लाख, कारखाना दोन महिने बंद. इथे बहुतेक उत्तरं घसरतात. कोणी म्हणतं जिवापुढे पैसा काय, करायलाच हवं. कोणी म्हणतं चाळीस लाख फार झाले, नको. दोघांचंही चुकतं, कारण दोघंही चाळीस लाख पूर्ण धोक्याशी तोलतात. तोलायचे ते वरचे उपाय करून जो धोका उरलाय त्याच्याशी. प्लॅटफॉर्म, फळ्या, कठडा आणि जाळी झाल्यावर या दुरुस्तीतला उरलेला धोका अगदी थोडा आहे. तेवढ्यासाठी चाळीस लाख आणि दोन महिने, आणि वर सगळं छप्पर उतरवताना शेकडो तास पुन्हा ठिसूळ पत्र्यांवरच काम. म्हणजे धोका कमी व्हायच्या ऐवजी या खेपेपुरता वाढतो. या दुरुस्तीसाठी छप्पर बदलणं ढळढळीत तफावतीचं आहे, रीझनेबली प्रॅक्टिकेबल नाही.

पण यालाच जोडून पुढचं वाक्य लिहा. हेच छप्पर दर वर्षी पंधरा-वीस पत्रे मागत असेल, तर एका खेपेचा हिशेब पुरेसा नाही. पुढच्या दहा वर्षांत दर मे महिन्यात माणसं वर चढणार, तो सगळा धोका आणि दर खेपेचं भाडं एकत्र धरायचं. मग छप्पर बदलण्याचं उत्तर उलटंही येऊ शकतं. अशा वेळी मासेमारी बंदीच्या दिवसांत माल कमी येतो, त्यामुळे तेव्हा कारखाना बंद ठेवण्याची झीज हलकी वाटते. पण बंदी जून-जुलैत, आणि भर पावसात ओल्या शेवाळाच्या पत्र्यावर माणूस चढवणं हे मेपेक्षा कितीतरी घातक. म्हणून ते काम पाऊस सरल्यावर काढायचं. वेळ हीसुद्धा या तराजूतली वस्तू आहे, आणि ती दोन्ही पारड्यांत पडते.

तसंच ‘आत्ता कामच करू नका’ हाही उपाय तपासावा लागतो. पण तो फुकटचा नाही. पॅनेलवर पाणी येत राहिलं तर विजेच्या धक्क्याचा आणि आगीचा धोका उभा राहतो. खालच्या बाजूने तात्पुरतं पन्हाळ लावून पाणी पॅनेलपासून वळवलं, तर फळ्या आणि जाळी येईपर्यंतचे चार-पाच दिवस निभावतात. म्हणजे ‘घाई होती’ हा बचावही संपतो. परीक्षेत हा मुद्दा फार कोणी लिहीत नाही आणि प्रत्यक्षात मात्र अपघात बहुतेक याच घाईत होतात, म्हणून मला तो महत्त्वाचा वाटतो.

आता हे सगळं दहा मार्कांत कसं बसवायचं? मी लिहिलं असतं ते साधारण असं:

‘उंचीवरच्या कामाबद्दल कारखाने अधिनियमाच्या कलम ३२ क ने घातलेलं कर्तव्य रीझनेबली प्रॅक्टिकेबल असेल तितपत आहे, ते कलम २१ सारखं निरपवाद नाही. एडवर्ड्स विरुद्ध नॅशनल कोल बोर्ड, १९४९ प्रमाणे धोका एका बाजूला आणि तो टाळण्यासाठीचा पैसा, वेळ व त्रास दुसऱ्या बाजूला ठेवून, दोहोंत ढळढळीत तफावत असेल तरच उपाय सोडता येतो. मालकाची ऐपत हा निकष नाही. इथे ठिसूळ पत्रा फुटून आठ मीटरवरून काँक्रीटवर पडण्याची शक्यता मोठी आहे आणि परिणाम मृत्यू आहे. काम दोनच दिवसांचं असलं तरी धोका प्रत्येक पावलाला आहे आणि तो सर्वज्ञात आहे, त्यामुळे मार्शल विरुद्ध गोथम, १९५४ चा बचाव मालकाला मिळत नाही. जिथे खाली जागा आहे तिथे प्लॅटफॉर्मवरून खालूनच काम करावं. उरलेल्या ठिकाणी क्रॉलिंग बोर्ड, कठडा, फायबरच्या पत्र्यांवर झाकण आणि जाळी द्यावी. यांची झीज धोक्याच्या मानाने किरकोळ आहे. नुसता बेल्ट पुरेसा नाही, कारण भक्कम आधाराशिवाय तो माणसाला अडवत नाही. पूर्ण छप्पर बदलणं उरलेल्या धोक्याच्या मानाने या दुरुस्तीपुरतं अवाजवी आहे. मात्र दुरुस्ती दर वर्षी लागत असेल तर हा हिशेब नव्याने करावा लागेल. कलम १०४-अ नुसार एखादा उपाय रीझनेबली प्रॅक्टिकेबल नव्हता हे सिद्ध करण्याचं ओझं मालकावर आहे, म्हणून काम सुरू होण्याआधीचा तारखेसह धोका-आढावा आणि उपायांचा लेखी विचार त्याच्याकडे असला पाहिजे.’

बघा, यात पीपीईची यादी नाही आणि ‘सुरक्षा सर्वांत महत्त्वाची’ असलं वाक्यही नाही. प्रत्येक उपायाला एक कारण आणि एक निर्णय आहे. निर्णय लिहायला कचरू नका. ‘परिस्थितीनुसार ठरवावं’ असं लिहून सोडलेलं उत्तर तपासणाऱ्याच्या हातात काहीच देत नाही. तुमचा निर्णय त्याच्यापेक्षा वेगळा असला तरी कारणमीमांसा सरळ असेल तर मार्क मिळतात. निर्णयच नसेल तर कशाला द्यायचे?

शेवटच्या वाक्यातल्या कागदाबद्दल थोडं. अपघातानंतर तयार केलेलं पत्रक, कितीही नीट असलं तरी, हिशेब आधी झाला होता हे दाखवत नाही. जाळी भाड्याने देणाऱ्याकडून मेच्या पहिल्या आठवड्यात मागवलेलं कोटेशन आणि त्यावर मॅनेजरने ‘नको’ म्हटल्याचं कारण, एवढा एक कागदसुद्धा खूप काही बोलतो. तो मालकाच्या बाजूने बोलेल की विरुद्ध, हे त्या कारणावर अवलंबून आहे. ‘आमच्याकडे आजवर कोणी पडलं नाही’ हे कारण असेल तर ते पुरत नाही. आजवर कोणी पडलं नाही यावरून पत्रा मजबूत आहे हे सिद्ध होत नाही, आणि ठिसूळ पत्रा दर वर्षी आणखी ठिसूळ होतो. शेजारचे सगळे कारखाने असंच करतात, हेही पुरत नाही. सगळे करतात ती पद्धत चांगली असेल तर तिच्याहून कमी केल्याबद्दल मालक अडकतो. ती वाईट असेल तर तिच्या आड त्याला लपता येत नाही.

एक खबरदारी. ठरावीक कामासाठी राज्याच्या नियमांत नेमका उपाय सांगितलेला असेल, तर तो करायचाच; तिथे तराजू काढायचा नाही. प्रश्नात असा नियम दिला असेल किंवा तुम्हाला पक्का आठवत असेल, तर त्याने सुरुवात करा आणि उरलेल्या धोक्यासाठीच हा युक्तिवाद वापरा. नियमाचा क्रमांक आठवत नसेल तर अंदाजाने टाकू नका. चुकीच्या क्रमांकापेक्षा क्रमांकाशिवायचं बरोबर वाक्य बरं.

प्रश्नात आकडे दिलेच नसतील तरी घाबरू नका. ‘भाडं काही हजारांत, विलंब एक-दोन दिवसांचा, समोर मृत्यूचा धोका’ एवढं म्हटलं तरी तफावत कुठे आहे आणि कुठे नाही ते दिसतं. उलट आकडे दिले असतील तर ते सगळे वापरा. पेपर काढणाऱ्याने उंची, दिवस आणि माणसांची संख्या उगाच लिहिलेली नसते, प्रत्येक आकडा कुठल्या ना कुठल्या पारड्यात टाकण्यासाठी दिलेला असतो. पेपर हातात आल्यावर तो आकडा कुठे पडतो ते समासात पेन्सिलने खूण करून ठेवा आणि मगच लिहायला घ्या.

परीक्षेआधी सरावासाठी तुमच्याच कंपनीतलं एखादं काम घ्या. लोट्यात टाकीच्या डोक्यावर चढून नमुना काढण्याचं काम तुम्ही रोज बघत असाल. त्याला कलम ३२ क लागू करून असंच एक पान लिहा. मात्र टाकीच्या आत उतरायचं काम निवडू नका. ते ३६ मध्ये जातं आणि तिथे हा तराजू चालत नाही. लिहिलेलं पान मला पाठवलंत तर तपासून देईन.